प्राचार्य सरांना दिलेलं मागणीपत्र आणि लायब्ररीतला जुन्या पेपरांचा कप्पा

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत पत्रलेखन सहा मार्कांना येतं. मागणीपत्र किंवा विनंतीपत्र, कुठल्यातरी कधी न बघितलेल्या पुस्तक भांडाराच्या व्यवस्थापकाला लिहायचं, खाली खोटा ईमेल टाकायचा आणि मार्क घ्यायचे. आम्ही यावर्षी एक खरं मागणीपत्र लिहिलं, आमच्याच शाळेच्या प्राचार्यांना, की लायब्ररीत बोर्डाच्या जुन्या पेपरांचा एक कप्पा करा आणि त्यात उत्तरंही ठेवा. ते कसं झालं ते लिहितेय, कारण दुसऱ्या शाळेतल्या दोघातिघांनी पत्राचा नमुना मागितला, आणि नुसता नमुना देऊन उपयोग नाही असं माझं मत झालंय.

आमची शाळा सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावची, मराठी माध्यम, एक तुकडी सेमीची. वर्गातले साधारण निम्मे क्लासला जातात. क्लासवाल्यांना जुन्या पेपरांचे सोडवलेले संच मिळतात, बाकीचे कुणाचं तरी मागून झेरॉक्स मारतात नाहीतर मोबाईलवर पीडीएफ शोधतात. लायब्ररीत पेपर अजिबातच नव्हते असंही नाही. ग्रंथपाल मॅडमनी कपाटाच्या वरून सुतळीने बांधलेला एक गठ्ठा काढून दिला, पण तो सगळा २०१९ च्या आधीचा, म्हणजे जुन्या अभ्यासक्रमाचा. आत्ताची दहावीची पुस्तकं २०१८-१९ पासूनची आणि त्यावरची पहिली परीक्षा मार्च २०१९ ची, त्यामुळे त्याआधीचा गणिताचा पेपर घेऊन बसलं की दोन गणितं येतात, तिसरं पुस्तकातच नाही, आणि आपल्याला येत नाही की आपल्याला नाहीच आहे हेच कळत नाही.

पहिलं पत्र आम्ही मधल्या सुट्टीत लिहिलं ते फारच जोशात होतं. "सर्व विषयांचे मागील दहा वर्षांचे सर्व पेपर आदर्श उत्तरांसह त्वरित उपलब्ध करून द्यावेत", वर "क्लास न लावणाऱ्या विद्यार्थ्यांवर अन्याय" वगैरे. वर्गशिक्षिका मॅडमनी ते वाचलं, हसल्या नाहीत, फक्त विचारलं की दहा वर्षं म्हणजे कुठली दहा ते सांगा. मग मोजायला बसलो. २०१९ च्या आधीचे बाद. २०२१ ला कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, त्यामुळे मार्च २०२१ चा पेपर नावाची वस्तूच जगात नाही (तरी नेटवर त्या नावाने पीडीएफ सापडतात, ते कुणीतरी बनवलेले सराव पेपर असतात, ते बोर्डाचे समजून सोडवू नका). २०२० ला भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, गणित विज्ञान मात्र झाले होते. २०२२ ला परीक्षा झाली पण अभ्यासक्रम २५ टक्के कमी केलेला. म्हणजे हातात धरण्यासारखे मार्चचे पेपर २०२०, २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५ असे पाच, आणि त्यातल्या २०२२ च्या पेपरावर मोठ्या अक्षरात सूचना हवी की यात काही भाग विचारलेलाच नाही, म्हणून तो सोडून देऊ नका.

२०१९ चा नवीन अभ्यासक्रमाचाच आहे, पण त्या वर्षीच्या पेपराची मांडणी पुढच्या वर्षांसारखी नव्हती, म्हणून तो वेगळा ठेवायचं ठरलं. आत्ताच्या बीजगणिताच्या चाळीस मार्कांत पहिल्या प्रश्नात चार पर्यायवाले आणि चार एकेका मार्काचे, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात आधी चौकटी भरायच्या कृती मग गणितं, चौथ्यात चार-चार मार्कांची दोन आणि शेवटी तीन मार्कांचं एक, असं ठरलेलं असतं. दोन तासात हे कसं बसवायचं याचा सराव करायचा तर मांडणी तीच हवी.

विषयही कमी केले. बीजगणित, भूमिती, विज्ञान एक, विज्ञान दोन, बस. भाषांच्या कृतिपत्रिका मुद्दाम सोडल्या कारण तिथे स्वमताच्या प्रश्नाचं छापील उत्तर ठेवलं की सगळे तेच पाठ करणार, हे मराठीच्या सरांचं म्हणणं होतं आणि मला ते पटलं. काहींना नाही पटलं, त्यावर वर्गात भांडण झालं, ते जाऊ दे.

आता मुख्य अडचण. पेपर मिळणं अवघडच नाही. बोर्डाची प्रश्नपत्रिका परीक्षेनंतर मुलं घरीच घेऊन जातात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या ताया-दादांच्या घरी पेपर पडलेलेच होते, पर्यायांवर पेन्सिलीच्या खुणा असलेले, एकावर मागे आईने किराणाची यादी लिहिलेली. गोळा करायला गल्लीत चार चकरा. पण "उत्तरांसह" हा जो एक शब्द आम्ही पत्रात सहज टाकला होता, सगळं काम त्या शब्दात होतं. उत्तरं कुणाची? गाईडची झेरॉक्स मारायची तर ते कुणाचं तरी छापील पुस्तक आहे, शाळेने त्याच्या प्रती काढून कपाटात लावाव्यात असं लेखी मागणं बरं दिसत नाही. नेटवरची घ्यायची तर ती कुणी तपासली ते माहीत नाही.

याचं एक उदाहरण सांगते कारण यावरूनच गणिताचे सर आमच्या बाजूला आले. क्रेमरच्या पद्धतीचं गणित, अगदी नेहमीचं.

3x − 4y = 10
4x + 3y = 5

एका पीडीएफमध्ये याचं उत्तर x = 2, y = 1 दिलं होतं, नीट टाईप केलेलं, चौकटीत. वर्गातल्या एकाने तेच वहीत उतरवलं होतं. माझ्या बेंचवरच्या मैत्रिणीचं y = −1 येत होतं आणि ती स्वतःचंच चुकलं समजून खोडत बसली होती. सर म्हणाले खोडू नको, ठेव किंमती समीकरणात. y = 1 ठेवलं तर पहिल्या समीकरणात 6 − 4 म्हणजे 2 येतात, यायला हवेत 10. y = −1 ठेवलं तर 6 + 4 = 10, आणि दुसऱ्यात 8 − 3 = 5, दोन्ही जुळतात. मग कुठे चुकलं ते शोधलं:

D = 3×3 − (−4)×4 = 9 + 16 = 25
Dx = 10×3 − (−4)×5 = 30 + 20 = 50
Dy = 3×5 − 10×4 = 15 − 40 = −25

पीडीएफवाल्याने Dy चं वजा चिन्ह खाल्लं होतं. पद्धत बरोबर, मांडणी सुंदर, उत्तर चूक. सर म्हणाले, हे कपाटात शाळेचा शिक्का मारून ठेवलं असतं तर दरवर्षी दीडशे पोरांनी हेच खरं मानलं असतं. तेव्हा आम्ही पत्रात "उत्तरांसह" च्या जागी उत्तरं कोण लिहिणार आणि कोण तपासणार ते लिहायचं ठरवलं, आणि माझ्या मते पत्र मंजूर झालं ते त्या एका परिच्छेदामुळे.

शेवटी जे पत्र दिलं ते असं होतं (नावगाव काढलंय):

प्रति,
मा. प्राचार्य

मार्फत : वर्गशिक्षिका, इयत्ता १० वी ब

विषय : ग्रंथालयात बोर्डाच्या मागील प्रश्नपत्रिका तपासलेल्या उत्तरांसह ठेवण्याबाबत.

महोदय,

आम्ही इयत्ता दहावीचे विद्यार्थी आपणांस विनंती करतो की, शालेय ग्रंथालयात एक कप्पा मागील प्रश्नपत्रिकांसाठी मिळावा. सुरुवातीस बीजगणित, भूमिती, विज्ञान भाग १ व भाग २ या चार विषयांच्या मार्च २०२०, २०२२, २०२३, २०२४ व २०२५ या पाच परीक्षांच्या मिळून वीस प्रश्नपत्रिका ठेवाव्यात. प्रश्नपत्रिका आम्ही माजी विद्यार्थ्यांकडून जमा केल्या आहेत.

उत्तरे आम्ही विद्यार्थी स्वतः लिहू. प्रत्येक पेपर दोन विद्यार्थी एकमेकांचे न पाहता सोडवतील, उत्तरे जुळल्यावर विषयशिक्षकांकडे देतील. शिक्षकांची सही झाल्याशिवाय उत्तर कप्प्यात ठेवले जाणार नाही. याबाबत गणित व विज्ञान शिक्षकांशी बोलणे झाले असून त्यांची तयारी आहे.

प्रश्नपत्रिका व उत्तरे वेगवेगळ्या फाईलमध्ये ठेवाव्यात. फाईल घरी न देता ग्रंथालयातच वाचण्यास मिळाव्यात. दोन संचांच्या झेरॉक्स व बाइंडिंगचा अंदाजे खर्च रुपये १९२० असून तपशील सोबत जोडला आहे. तरी आपण परवानगी व खर्चास मंजुरी द्यावी ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
(सोबत विद्यार्थ्यांच्या सह्या)

खर्चाचा तपशील म्हणजे काय फार नव्हता. पेपर आणि उत्तर मिळून वीसेक पानं धरली, वीस पेपरांची चारशे पानं, आमच्याकडे पानाला दोन रुपये, म्हणजे एका संचाचे आठशे, दोन संच सोळाशे, आणि आठ फाईलींचं स्पायरल बाइंडिंग चाळीस रुपयांप्रमाणे तीनशेवीस. दोन संच कशाला, तर एक कुणी वाचत बसला की बाकीचे ताटकळतात म्हणून. पण आकडा लिहिलेला असला की समोरच्याला "बघू" म्हणता येत नाही, हो किंवा नाही म्हणावं लागतं.

पत्र थेट सरांच्या केबिनमध्ये न्यायचं नाही हे आम्हाला शाळेच्या क्लार्क काकांनी शिकवलं. दोन प्रती काढायच्या, एक ऑफिसात द्यायची, आवक रजिस्टरला नोंद होते, आवक नंबर आणि तारीख आपल्या प्रतीवर घालून पोच घ्यायची. पोच नसेल तर आठवड्याने विचारायला गेल्यावर "कुठलं पत्र?" पासून सुरुवात होते. आमच्या पत्रावर प्राचार्यांचा शेरा आला, "ग्रंथपाल व विषयशिक्षकांनी चर्चा करून अभिप्राय द्यावा", आणि मग ते पत्र काही दिवस चर्चेसाठी स्टाफरूममध्ये पडून राहिलं. तेव्हा ती पोच कामी आली, नंबर सांगितला की काका फाईल काढून देत होते.

मग आम्हाला बोलावलं. प्राचार्य सरांचा पहिलाच प्रश्न, पोरं पुस्तक सोडून नुसते पेपर पाठ करणार याचं काय. प्रश्न चुकीचा नव्हता, आमच्यात तशी पोरं आहेत. यावर वेगळ्या फाईलचा मुद्दा होता तो विज्ञानाच्या मॅडमनी अजून कडक केला. उत्तरांची फाईल मागायची तर आधी स्वतः सोडवलेला पेपर ग्रंथपाल मॅडमना दाखवायचा, अर्धामुर्धा का असेना. मॅडम तो तपासत नाहीत, फक्त कागदावर काहीतरी लिहिलंय ना ते बघतात आणि वहीत टिक करतात. सुरुवातीला आम्हाला हे जाचक वाटलं, आणि पळवाटा निघाल्याच, एकाने एकच पेपर दोनदा दाखवला. पण बहुतेक जण निदान पहिला आणि दुसरा प्रश्न तरी सोडवून येतात, हे नसतं तर तेही झालं नसतं.

ग्रंथपाल मॅडमची अडचण वेगळीच होती आणि ती आमच्या डोक्यातही आली नव्हती. लायब्ररीच्या पुस्तकाला दाखल क्रमांक पडतो, दरवर्षी मोजणी होते, आणि हरवलं तर त्यांना उत्तर द्यावं लागतं. झेरॉक्सच्या फाईलींना दाखल क्रमांक दिला आणि दोन वर्षांत पानं फाटली तर ते रद्द करायलाही कागदपत्रं. म्हणून त्या फाईली दाखल रजिस्टरला न घेता वेगळ्या नोंदवहीत घेतल्या, आणि वर "संदर्भासाठी, बाहेर नेण्यास मनाई" असा शिक्का. कुणी हे करणार असेल तर ग्रंथपालांना आधी भेटा, पत्र दिल्यावर नको. त्यांनी एकदा नाही म्हटलं की वरून मंजुरी येऊनही कपाटाची किल्ली सापडत नाही.

उत्तरं लिहायचं काम दिवाळीच्या सुट्टीत केलं. बीजगणित पटकन झालं. सरांनी नुसती बरोबरची खूण न करता समासात लाल पेनाने मार्कांची विभागणी लिहिली, म्हणजे वरचंच क्रेमरचं गणित तीन मार्कांचं धरलं तर D, Dx, Dy ला अर्धा अर्धा, सूत्राला अर्धा, x आणि y च्या किमतीला अर्धा अर्धा. ही त्यांची विभागणी, बोर्डाची नाही, तसं फाईलच्या पहिल्या पानावर लिहिलंय. पण ती बघितल्यावर कळतं की Dy चं चिन्ह चुकलं तरी सगळं गणित जात नाही, आणि सूत्र न लिहिता थेट उत्तर लिहिणाऱ्याचं मात्र नक्की जातं.

यात अजून एक चांगली गोष्ट हाती लागली. मागच्या वर्षीच्या एका ताईने निकालानंतर बोर्डाकडून भूमितीच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली होती, ती तिने दिली. बैठक क्रमांक आणि नाव झाकून त्यातली काही पानं फाईलला लावली. त्यावर शेरे बिरे नाहीत, फक्त मार्कांचे आकडे, पण सरांनी ते शेजारी बसून वाचून दाखवलं. एका सिद्धतेत तिच्या सगळ्या पायऱ्या बरोबर होत्या आणि तरी मार्क कमी, कारण दोन ठिकाणी कंसात कारण लिहिलेलं नव्हतं, "एकाच कंसात अंतर्लिखित झालेले कोन" एवढंच लिहायचं होतं. माझ्या मते अख्ख्या कप्प्यात सगळ्यात जास्त वाचली गेलेली पानं हीच.

भूमितीतच एक घोळही झाला. रचनेची उत्तरं आम्ही मोजून मापून काढली होती, ३.४ सेमी त्रिज्येचं वर्तुळ वगैरे, सरांची सही झाली, झेरॉक्स होऊन फाईल लागली, आणि आठवड्याभरात एक मुलगी पट्टी घेऊन आली की ही त्रिज्या ३.२ च भरतेय. मूळ कागदावर मोजली तर ३.४ बरोबर. झेरॉक्सच्या दुकानात कागद मशीनमध्ये बसावा म्हणून प्रत थोडी लहान केली होती, अक्षरांना काही फरक पडत नाही पण रचनेचं वाटोळं होतं. ती पानं परत शंभर टक्क्यांवर काढून घेतली, आणि आता रचनेच्या प्रत्येक पानाखाली पाच सेमीची एक रेघ आखलेली असते, आधी पट्टीने ती मोजायची, पाच भरली तर वरची आकृती खरी.

सध्या बीजगणित आणि भूमिती पूर्ण आहे, विज्ञान एक जवळजवळ झालंय, विज्ञान दोनमध्ये आकृत्या कोण काढणार यावर अडलंय कारण ज्याचं चित्र चांगलं आहे तो क्लासमुळे थांबत नाही. खर्चापैकी झेरॉक्सचे पैसे शाळेने दिले, बाइंडिंग पालक संघातल्या एका काकांच्या दुकानात झालं. जुलैच्या पुरवणी परीक्षेचेही पेपर हवेत अशी मागणी आता नववीच्या मुलांकडून आलीय, त्यांना सांगितलंय की पत्र तुम्ही लिहा, तपासणाऱ्या शिक्षकांचं नाव आधी विचारून घ्या, आणि आमच्या वर्गाचे यंदाच्या बोर्डाच्या परीक्षेचे पेपर निकालापर्यंत आमच्याकडून घेऊन जा, फक्त पर्यायांवर खुणा असतील त्या खोडून घ्या.